व्हिडिओतून लिंकवर: काय बोलावे आणि कधी बोलावे

«आमचे वेंगुर्ल्याजवळ कोकम आणि काजूचे घरगुती दुकान आहे. रेसिपीचे व्हिडिओ लोक बऱ्यापैकी पाहतात, पण खाली दिलेल्या लिंकवर जवळजवळ कोणी जात नाही. "लिंकवर क्लिक करा" असे वारंवार सांगायला मला संकोच वाटतो. काय बोलावे आणि व्हिडिओत नेमके कुठे?»

आम्हीही रत्नागिरीच्या बाजूला घरचे आगळ विकतो आणि त्यासाठी माझी वहिनी व्हिडिओ करते, त्यामुळे तुमचा संकोच मला चांगला ठाऊक आहे. आमच्या सोलकढीच्या व्हिडिओचेच उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तोच व्हिडिओ आम्ही तीन वेळा नव्याने केला आणि प्रत्येक वेळी फक्त लिंकचा उल्लेख बदलला.

पहिल्या वेळी वहिनींनी सुरुवातीलाच, नारळ फोडण्याच्या आधी, आगळ आमच्याकडे मिळते आणि लिंक खाली आहे असे सांगून टाकले. सोलकढी पाहायला आलेल्या माणसाला त्या क्षणी आगळाची गरजच नव्हती, त्यामुळे यूट्यूब स्टुडिओतल्या प्रेक्षक टिकून राहण्याच्या आलेखात त्याच जागी ठळक उतार दिसला. दुसऱ्या वेळी आम्ही तो उल्लेख शेवटी नेला: "तर मंडळी, व्हिडिओ आवडला असेल तर लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा, आणि आगळासाठी खालच्या लिंकवर नक्की क्लिक करा." एका दमात चार मागण्या झाल्या आणि त्यातली आपल्या कामाची सर्वांत शेवटी आली. शिवाय "तर मंडळी" हे शब्द ऐकताच लोक निघून जातात, हेही आलेखात स्वच्छ दिसत होते. पाहुणा पायात चपला सरकवत असताना त्याला आतले घर दाखवायला बोलवावे, तसा तो प्रकार होता.

तिसऱ्या वेळी तो उल्लेख आम्ही नारळाच्या दुधात आगळ ओतण्याच्या दृश्यावर ठेवला. पाहणाऱ्याच्या मनात "आगळ किती घालायचे, आणि माझ्याकडचे चालेल का" हा प्रश्न तिथेच उभा राहतो. वहिनींचा चेहरा पडद्यावर आणला नाही. दुधाला गुलाबी रंग चढत होता आणि त्यावर त्यांचे बोलणे होते:

"प्रत्येकाच्या आगळात मीठ कमीजास्त असतं. तुमचं खारट असेल, तर दोनच चमच्यांपासून सुरुवात करा आणि चव बघत वाढवा. कुठल्या आगळाला किती दूध, याचा तक्ता मी लिहून ठेवलाय. व्हिडिओच्या नावावर बोट लावलंत की माहिती उघडते, तिथं पहिल्याच ओळीत आहे. घाई नाही, आधी कढी पुरी करूया."

या बोलण्यातला पहिला भाग लिंकवर न जाणाऱ्यालाही उपयोगी पडतो, आणि माझ्या मते आग्रहीपणा टळतो तो मुख्यतः यामुळेच. प्रमाण मुद्दाम दडवून "ते लिंकवर मिळेल" असे म्हटले असते, तर पाहणाऱ्याला फसवल्यासारखे वाटले असते, आणि तसे वाटणे योग्यही ठरले असते. लिंकवर असे काहीतरी हवे जे व्हिडिओत बसत नाही: ओट्यावर समोर ठेवता येईल असा लिखित तक्ता, किंवा मागणी नोंदवण्याची सोय. दुसरे असे की "क्लिक करा" ही आज्ञा इथे नाही. तिथे काय आहे आणि ते कसे सापडते, एवढेच सांगितले आहे. "नक्की", "आत्ताच", "चुकवू नका" हे शब्द काढून टाकले की वाक्य आपोआप घरगुती होते.

"खाली लिंक आहे" या वाक्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण बरीच गळती तिथे होते. फोनवर व्हिडिओच्या खाली त्याचे नाव, बटणे, टिप्पण्या आणि इतर व्हिडिओ दिसतात; वर्णन मिटलेले असते आणि नावावर बोट लावल्याशिवाय उघडत नाही. म्हणून "खाली" म्हणजे कुठे, हे बोलून दाखवावे लागते. तीच लिंक स्वतःच्या टिप्पणीत लिहून ती टिप्पणी पिन करावी, म्हणजे टिप्पण्या उघडणाऱ्यालाही ती सर्वांत वर मिळते. तोंडी उल्लेख, पडद्यावरची छोटी पट्टी, वर्णनाची पहिली ओळ आणि उघडणाऱ्या पानाचा मथळा या चारही ठिकाणी आम्ही "आगळाचा तक्ता" हेच शब्द ठेवले. पूर्वी आमची लिंक दुकानाच्या मुख्य पानावर जात असे आणि तिथे सर्वांत वर आंब्याच्या पेट्यांची मोठाली चित्रे होती. तक्ता शोधणारा माणूस ते पाहून परत फिरे, आणि आपल्याकडे गावात रेंज कमी असली की चित्रे उघडेपर्यंत थांबतही नसे. आता तक्ता वर आहे, आणि त्याच्याखाली "हे आगळ आमच्या घरचे आहे, हवे असल्यास इथे सांगा" असे एक वाक्य आहे. विकणारे आपणच आहोत हे उघडपणे लिहिल्याने संकोच उलट कमी होतो.

शेवटी मात्र एक आठवण हवीच, कारण मध्येच लिंकवर जायला सांगणे म्हणजे स्वतःच्या व्हिडिओतून माणसाला उठवणे. ती आम्ही कढी पेल्यात ओतताना, निरोपाचा एकही शब्द येण्यापूर्वी ठेवली: "तो तक्ता तेवढा बघून ठेवा." यूट्यूबची एंड स्क्रीन शेवटच्या 5 ते 20 सेकंदांतच लावता येते, म्हणून पेल्याचे दृश्य आम्ही तेवढे लांबवले. बाहेरच्या संकेतस्थळाची लिंक एंड स्क्रीनवर द्यायची असेल, तर चॅनेल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रामात असावे लागते. नसेल तर ती जागा पुढच्या व्हिडिओला द्यावी.

शॉर्ट्सचा हिशेब वेगळा आहे. 31 ऑगस्ट 2023 पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि टिप्पण्यांतल्या लिंका उघडत नाहीत, तेव्हा तिथे "लिंक खाली आहे" म्हणणे निव्वळ खोटे ठरते. शॉर्टला मोठा व्हिडिओ संबंधित व्हिडिओ म्हणून जोडावा आणि बोलताना त्याचाच उल्लेख करावा.

कोणत्या जागेवरून लोक येतात हे कळण्यासाठी वर्णनात आणि टिप्पणीत एकाच पानाचे दोन वेगळे पत्ते द्यावेत:

```
https://example.com/agal?utm_source=youtube&utm_medium=description&utm_campaign=solkadhi
https://example.com/agal?utm_source=youtube&utm_medium=comment&utm_campaign=solkadhi
```

संकेतस्थळावर गूगल अ‍ॅनालिटिक्ससारखी मोजणी सुरू असेल, तर भेटी वेगवेगळ्या दिसतात. मात्र कोणते वाक्य ऐकून माणूस आला, हे यातून कळत नाही, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शब्द आणि जागा दोन्ही एकदम बदलले की कशाचा गुण आला हे सांगता येत नाही. तुमची लिंक थेट व्हॉट्सअ‍ॅपवर जात असेल, तर ही मोजणी चालणार नाही. तिथे wa.me च्या पत्त्याला जोडता येणारा तयार मजकूर प्रत्येक व्हिडिओसाठी वेगळा ठेवावा. आमच्याकडे सकाळी फोन उघडला की "सोलकढीचा व्हिडिओ पाहिला, आगळ हवे आहे" असा निरोप आलेला असतो, आणि कोण कुठून आले हे वहिनींना तिथेच कळते.