‘सोफ एरर द मा पार’ लिहिणाऱ्याला शंका नसते

प्रश्न: फ्रेंच क्लायंट मेलमध्ये सारखं ‘इल म साँब्ल’, ‘सोफ एरर द मा पार’, ‘आ प्रिओरी’ असं लिहितात. त्यांना खरंच खात्री नसते का? आणि आपणही उत्तरात तसंच लिहावं का?

खात्री असते. ‘सोफ एरर द मा पार’, म्हणजे माझी काही चूक होत नसेल तर, आणि ‘इल म साँब्ल’, म्हणजे मला असं दिसतंय, यांत तर जवळजवळ नेहमीच असते. ‘आ प्रिओरी’, म्हणजे सध्या तरी असं दिसतंय, याची गोष्ट वेगळी आहे, तिथे खरोखरच काहीतरी अजून ठरायचं बाकी असतं. हे तिन्ही एकाच डब्यात टाकले की घोळ होतो, आणि तो घोळ मी फार जवळून पाहिलाय म्हणून एवढं लिहायला बसले.

मी पुण्यात एका शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये फ्रान्सचं कलेक्शन बघते. बिलाची मुदत उलटली की तिकडच्या अकाउंट्सवाल्यांना मेल करायचा, फोन करायचा, पैसे कधी येतील ते विचारायचं. पहिल्या रिमाइंडरला, म्हणजे त्यांच्या भाषेत पहिल्या ‘रलाँस’ला, आमच्या टेम्प्लेटची सुरुवातच अशी होती की सोफ एरर द मा पार, अमुक नंबरचं बिल आजच्या तारखेला भरलेलं दिसत नाही. आणि शेवटी एक ओळ की दरम्यान तुम्ही पैसे पाठवले असतील तर या पत्राकडे लक्ष देऊ नये. फ्रान्समध्ये कुठल्याही कंपनीचा पहिला रलाँस साधारण असाच असतो, आम्ही काही नवीन शोधलं नव्हतं.

मग आमच्याकडे एक नवीन टीम लीड आले. आधी अमेरिकन कस्टमर्सचं कलेक्शन केलेले, आकडे चोख, पण फ्रेंचचा एक शब्द येत नाही. टेम्प्लेटचं भाषांतर बघितलं आणि म्हणाले, “तू पहिल्याच ओळीत आपली चूक कबूल करतेस, मग तो पैसे कशाला देईल?” मी सांगितलं की सर, तुमच्या गल्लीतल्या होलसेलवाल्याच्या बिलाखाली ‘ई अँड ओ ई’ छापलेलं असतं ना, तेच आहे हे. फ्रेंच हिशोबात ते ‘सोफ एरर ऊ ओमिसिआँ’, म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. म्हणून कुठला व्यापारी आपल्या बिलावर शंका घेत नाही, उद्या चूक निघाली तर दुरुस्तीचा हक्क फक्त राखून ठेवतो. मेलमध्ये हीच ओळ आणखी एक काम करते, समोरच्याला बाहेर पडायला दार ठेवते. विसरला असेल तर तो मान खाली न घालता “हो, राहून गेलं” म्हणू शकतो, आणि भरले असतील तर भांडण न करता पुरावा पाठवू शकतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन्ही ओळी काढून टाकल्या. पहिली पण आणि शेवटची पण.

नव्या टेम्प्लेटचा मेल गेला लिआँजवळच्या एका मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीला. तिथल्या अकाउंट्सच्या बाई वर्षानुवर्षं वेळेवर पैसे देणाऱ्या. त्यांनी तेव्हाही दिले होते, पण तीन बिलांचे एकत्र, आणि मधून एक क्रेडिट नोट वजा करून, आणि ट्रान्सफरच्या रेफरन्समध्ये एकाच बिलाचा नंबर. आमच्या सिस्टीमला रक्कम कुठल्याच बिलाशी जुळली नाही, म्हणून पैसे अनअप्लाइड कॅशमध्ये पडून राहिले आणि बिलं थकलेली दिसत राहिली. हे कलेक्शनवाल्यांना रोजचं आहे. याच्यासाठीच तर ती ओळ असते, कारण आपल्या स्क्रीनवर थकलेलं दिसणं आणि खरंच थकलेलं असणं यात फरक आहे.

बाईंचं उत्तर आलं, दोनच वाक्यं. सोफ एरर द मा पार, हे बिल १२ तारखेला ट्रान्सफरने चुकतं केलंय. बँकेचा कागद सोबत जोडलाय. खाली नुसतं ‘कॉर्दियालमाँ’, एरवी त्या ‘बिअँ कॉर्दियालमाँ’ लिहायच्या आणि वीकेंडच्या शुभेच्छाही द्यायच्या. बँकेचा कागद हातात असलेली बाई सोफ एरर लिहिते तेव्हा तिला कसली शंका असणार? ती एवढंच म्हणत होती की चूक तुमची आहे, मी ती तुमच्या तोंडावर फेकत नाहीये, जा आणि बघा.

लीडनी भाषांतर वाचलं आणि म्हणाले, “हिला स्वतःलाच खात्री नाहीये, परत पाठव.” मी मेलवर लिहून सांगितलं की कागद जोडलाय, आधी अनअप्लाइडमध्ये बघूया. त्यांनी दुसरा रिमाइंडर स्वतः पाठवला, तोही कडक. मग बाईंच्या डायरेक्टरचा मेल थेट आमच्या फ्रान्समधल्या लोकांना गेला, आणि कॅश ॲप्लिकेशनवाल्यांनी, म्हणजे आलेले पैसे बिलांशी जुळवणाऱ्यांनी, शोधलं तर पैसे तिथेच होते. एवढं होऊन मीटिंगमध्ये काय म्हटलं गेलं, तर भाषेच्या टीमने नीट समजावून सांगितलं नाही. माझा मेल तारखेसकट होता, तरी.

त्याच क्वार्टरला ‘आ प्रिओरी’चंही झालं. दुसरा कस्टमर, फोनवर म्हणाला की आ प्रिओरी ट्रान्सफर गुरुवारी जाईल. मी नोटमध्ये लिहिलं ‘गुरुवार शक्य, कन्फर्म नाही’. लीडनी फोरकास्टमध्ये ते प्रॉमिस टू पे म्हणून धरलं. पैसे पुढच्या पेमेंट रनला आले, आणि तो माणूस खोटं बोलला असं रिपोर्टमध्ये गेलं. तो खोटं बोललाच नव्हता. कान्टच्या तत्त्वज्ञानातलं आ प्रिओरी, अनुभवाच्या आधीचं ज्ञान वगैरे, ते इथे विसरून जा. रोजच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ एवढाच, की आत्ता माझ्यासमोर जे आहे त्यावरून अडचण दिसत नाही, पण एखादी गोष्ट मी तपासलेली नाही किंवा माझ्या हातात नाही. बहुतेक वेळा ती गोष्ट कुणाचीतरी सही असते. तिकडे बऱ्याच कंपन्यांत पेमेंट ठरलेल्या तारखांनाच निघतात आणि अकाउंट्सच्या माणसाने यादी केली तरी वरच्याने मंजूर केल्याशिवाय बँकेत जात नाहीत.

म्हणून आ प्रिओरी ऐकलं की फोन ठेवायचा नाही. विचारायचं, “वू पूव्हे म काँफिर्मे ला दात?”, तारीख कन्फर्म करता का, किंवा सरळ मंजुरी कोणाकडे अडकलीये ते. समोरचा चिडत नाही, कारण त्याने स्वतःच ती जागा मोकळी सोडलेली असते. “से व्हालिदे” म्हणाला, म्हणजे मंजूर झालं, तर तारीख धरा. परत “आ प्रिओरी वी” म्हणाला तर धरू नका आणि मंजुरी कधी होईल त्या दिवसाचा फोन लावून ठेवा.

‘इल म साँब्ल’बद्दल व्याकरणातच पुरावा आहे आणि क्लासमध्ये हे घाईत उरकतात याचं मला वाईट वाटतं. ‘इल साँब्ल क’ म्हणजे असं दिसतंय की, याच्यापुढे बरेचदा सबजंक्टिव्ह येतं, म्हणजे क्रियापदाचं शंका किंवा इच्छा दाखवणारं रूप, बोलणारा त्या गोष्टीपासून थोडा लांब उभा असतो. त्यात ‘म’ घातला, म्हणजे मला असं दिसतंय, की पुढे साधं इंडिकेटिव्ह येतं, जसं आपण घडलेली गोष्ट सांगताना वापरतो. म्हणजे ‘मला’ आल्यावर वाक्य कच्चं होत नाही, उलट पक्कं होतं, कारण आता तो स्वतःचं मत सांगतोय. नकारात मात्र, ‘इल न म साँब्ल पा क’ म्हटलं की सबजंक्टिव्ह परत येतं. तर क्लायंटने लिहिलं की इल म साँब्ल तुमच्या बिलावर आमचा ऑर्डर नंबर नाहीये, तर तो ते बिल समोर ठेवून बोलतोय. बिल अडकायचं ते एक नेहमीचं कारण आहे. त्याला “नाही, असेल बघा” असं उत्तर द्यायचं नाही, पीडीएफ उघडायची, आणि नंबर नसेल तर दुरुस्त बिल त्याच दिवशी पाठवायचं.

आता तुम्ही लिहावं का? लिहा, पण फक्त जे तपासलंय त्याच्याबद्दल. लेजर बघितलं, अनअप्लाइड बघितलं, मेलबॉक्स बघितला, मग सोफ एरर द मा पार. न तपासता लिहिलं तर दोन-तीनदा चूक निघाल्यावर ते लोक तुमचं सोफ एरर अक्षरशः घ्यायला लागतात, आणि मग ती ओळ तुमच्यासाठी मेली. खरंच माहीत नसेल तर “ज व्हेरिफी” लिहा, तपासते म्हणून, आणि तपासा. एका वाक्यात तिन्ही कोंबू नका, फ्रेंच माणूस तसं करत नाही. टीममधल्या ओळखीच्या लोकांशी बोलताना ‘सी ज न दी पा द बेतीझ’ जास्त चालतं, म्हणजे मी काहीतरी भलतंच बोलत नसेन तर, पण ते क्लायंटच्या मेलमध्ये नको.

एक सांगायचं राहिलं. सोफ एरर नेहमी गोडच असतं असं नाही. कोणी वरिष्ठांना सीसीत ठेवून लिहिलं की सोफ एरर द मा पार, ती फाईल तुम्ही सोमवारी देणार होतात, तर तो सरळ सरळ आरोप आहे आणि सगळ्यांना तो कळतो. त्यामुळे दुसऱ्या रिमाइंडरला ती ओळ परत लिहायची नाही, टोचून बोलल्यासारखी लागते. आणि ‘मीझ आँ दमर’, म्हणजे रजिस्टर्ड पत्राने दिलेली शेवटची औपचारिक मागणी, तिथे यातलं काहीच नको. तिथे रक्कम, मुदत कधी संपली, विलंबाचं व्याज, कायद्याने ठरलेले वसुलीचे ४० युरो, आणि अमुक दिवसांत भरा, एवढंच. मागणी सरळ दिसली पाहिजे, मध्ये ‘मला वाटतं’ आलं की पत्राचा जोर गेला. म्हणजे लीडना कडकपणा हवा होता त्याला जागा होती, फक्त ती पहिल्या मेलमध्ये नव्हती.

तुमच्या वरच्यांना फ्रेंच येत नसेल तर त्यांना नुसतं भाषांतर देऊ नका, त्याच्याशेजारी तुमचं वाचन लिहा, की हा ठाम आहे, पुरावा जोडलाय, किंवा याची मंजुरी बाकी आहे. फोरकास्टच्या शीटमध्ये आ प्रिओरीवाल्या तारखांना वेगळा कॉलम करा. आणि तो कॉलम काढून टाक असं कोणी सांगितलं, तर ते सांगणं मेलवर घ्या.