हिरवा डॅशबोर्ड, सपाट रेघ

प्रश्न: रात्रपाळीत स्क्रीनवर सगळं हिरवं होतं, एकही अलार्म नाही. सकाळी कळलं की चार तास डेटाच येत नव्हता. ऑपरेटरला हे कळायला नको होतं का? आणि अलार्म का वाजला नाही?

ऑपरेटरला दोष देणं आधी थांबवा. त्याच्यापुढे जी स्क्रीन ठेवली होती, ती "ठीक आहे" असंच सांगत होती. एका शीतगृहाच्या कंट्रोल रूममधली रात्र सांगतो.

40 सेन्सर, दर 10 सेकंदांनी तापमान. सगळं एका गेटवेमार्फत, एकाच टीसीपी कनेक्शनवरून रीडर प्रोग्रॅमकडे येतं. तिथून प्रोमिथियस हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर दर 15 सेकंदांनी आकडे उचलतं. तापमान −15 च्या वर गेलं की अलार्म.

23:14 ला वीज क्षणभर गेली आणि आली. ऑपरेटरने नोंद केली, स्क्रीन बघितली, सगळं हिरवं. पुढचे तास शांत गेले. 03:11 ला ती चार नंबरच्या खोलीचा आलेख बघत होती. त्या खोलीची रेघ एरवी करवतीच्या दातांसारखी असते. कॉम्प्रेसर चालू झाला की −19 पर्यंत खाली, बंद झाला की −17.5 पर्यंत वर, साधारण 25 मिनिटांत एक फेरी. त्या रात्री रेघ −18.4 वर आडवी पडलेली. तिने बाकीच्या खोल्या उघडल्या. सगळ्या आडव्या, आणि सगळ्यांचा शेवटचा चढउतार 23:14 चा.

इथे बहुतेक जण पान रिफ्रेश करतात. त्याने काही कळत नाही, कारण कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतं आणि सगळं ताजं वाटतं. तिने खाली फोन लावला आणि खोलीच्या दारावरचा आकडा वाचायला सांगितलं. −14.6. मग तिने रीडरच्या सर्व्हरवर हे चालवलं:

```
ss -tnoi
```

गेटवेचं कनेक्शन `ESTAB`, म्हणजे जोडलेलं, दिसत होतं, पण पुढे `lastrcv:14220416`. हा आकडा मिलिसेकंदांत असतो. म्हणजे शेवटचा बाइट येऊन तीन तास 57 मिनिटं झाली होती. ओळीत `timer:(keepalive...)` कुठेच नव्हतं, म्हणजे पलीकडचं टोक जिवंत आहे का हे अधूनमधून तपासणारं कीपअलाइव्ह चालूच नव्हतं.

झालं असं होतं. वीज गेली तेव्हा फायरवॉल रीस्टार्ट झाला आणि चालू कनेक्शनांची त्याची यादी पुसली गेली. त्यानंतर गेटवेची पाकिटं तो गुपचूप टाकून देत राहिला. गेटवेने काही वेळ पुन्हा पुन्हा पाठवून नाद सोडला. रीडर मात्र फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळे पलीकडे कुणी उरलं नाही हे त्याला कळायला मार्गच नव्हता. तो `recv` मध्ये बसून राहिला. त्याच झटक्यात चार नंबरचा कॉम्प्रेसरही ट्रिप झाला होता. यंत्र बिघडवणारी गोष्ट बरेचदा डेटाही त्याच क्षणी तोडते.

आता अलार्मचं. रीडरची प्रोसेस जिवंत होती, म्हणून `up` 1 होतं. तिच्या मेमरीतला शेवटचा −18.4 ती दर वेळी नव्याने देत होती, म्हणून आकडा गायब झाला की बोलणारं `absent()` गप्प. `timestamp()` सुद्धा फसतं, कारण ती वेळ आकडा उचलल्याची असते, मोजल्याची नाही. "मॉनिटरिंग आहे ना" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. ते प्रोसेसवर नजर ठेवतात, डेटावर नाही.

रीडरने प्रत्येक सेन्सरच्या शेवटच्या संदेशाची वेळ वेगळी द्यायला हवी, आणि अलार्म त्या वयावर हवा:

```
time() - feed_last_message_timestamp_seconds > 120
```

120 सेकंद म्हणजे 12 वाचनं हुकली. दुसरी दुरुस्ती सॉकेटवर: `settimeout(60)`, आणि मुदत संपली की कनेक्शन तोडून नव्याने जोडायचं. नुसतं कीपअलाइव्ह चालू करून भागत नाही. लिनक्सवर पहिली तपासणी मूळ सेटिंगप्रमाणे 7200 सेकंदांनी होते, म्हणजे दोन तास आंधळे.

03:16 ला तिने कॉम्प्रेसरसाठी माणूस पाठवून रीडर रीस्टार्ट केला आणि आकडे लगेच हलू लागले. मग तिने लॉगबुकात लिहिलं की 23:14 ते 03:16 चे सगळे आकडे खोटे आहेत. हे लिहिणं फार गरजेचं होतं, कारण साठवणीत त्या वेळेसाठी मोकळी जागा नाही, गुळगुळीत −18.4 आहे. नंतर बघणारा ते खरं धरेल.

दोन गोष्टी राहिल्या. सेन्सरचं घड्याळ चुकीचं असेल तर वयाचा हिशेब बिघडतो. तिथे संदेश रीडरकडे पोहोचल्याची वेळ घ्या. आणि दार उघडलं-मिटलं तरच बोलणाऱ्या सेन्सरला हा नियम तसाच लावलात तर रात्रभर खोटे अलार्म येतील. त्याला आधी दर मिनिटाला "मी आहे" असा संदेश पाठवायला लावा, मग त्या संदेशाचं वय मोजा.