‘अफ़सोस’ला ‘माफ कर’ करू नका

भांडणानंतर एका मित्राने दुसऱ्याला पाठवलेला हिंदीतला निरोप समजा असा आहे: “उस दिन जो हुआ, उसका अफ़सोस है। कभी मन हो तो बात करना।” नवखा अनुवादक पटकन लिहितो, “त्या दिवसाबद्दल माफ कर, माझ्याशी बोल.” इथेच घात होतो. ‘जो हुआ’मध्ये चूक कोणाची हे मुद्दाम मोघम ठेवलंय, ‘माफ कर’ म्हटलं की कबुली होते, आणि ती देणं आपल्या हातात नाही. ‘बात करना’ ही सैल, पुढे कधीतरीची विनंती आहे, पण नुसतं ‘बोल’ लगेच उत्तर मागतं.

मी असं करेन: “त्या दिवशी जे झालं, त्याचं वाईट वाटतं. कधी वाटलं तर बोलशील.” ‘कधी’ गाळू नका, सगळी सावधगिरी त्यातच आहे.

‘तुम’ला मित्रांमध्ये ‘तू’च करा. पण आधीचे निरोप मागवून बघाच. भांडणानंतर ‘तुम’चं ‘आप’ झालं असेल, तर तो दुरावा ‘तुम्ही’नेच दाखवावा लागेल.

आणि ‘समझाने की चेष्टा की’ आलं, तर ‘समजावायचा प्रयत्न केला’ लिहा. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, भांडण पुन्हा पेटेल.