बॅटरीची किंमत दुकानात नाही, अंधारात ठरते

प्रश्न : आम्ही तासगावजवळ मळ्यात राहतो. लाईट संध्याकाळी दोन-अडीच तास जातेच, वळवाच्या दिवसांत त्याहून जास्त. नऊ वर्षांच्या इन्व्हर्टरची बॅटरी आता पूर्ण बसली. दुकानदाराने १५० एएचचे तीन भाव दिलेत : फ्लॅट प्लेट १०,५००, उंच ट्यूब्युलर १५,५००, एसएमएफ १९,०००. हातात ११,००० आहेत. माझ्या भावाची सांगलीतली फ्लॅट प्लेट चार वर्षं झाली, अजून चालते. मग पाच हजार जास्त का घालू? एसएमएफला पाणी घालावं लागत नाही म्हणतात, तीच घ्यावी का? दुकानदार बिनव्याजी हप्तेही करून देतो.

उत्तर : ताई, तुमच्या भावाची बॅटरी चांगली चालते हे खरं, पण त्यावरून तुमच्या घरात काय होईल ते कळत नाही. सांगली शहरात त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा अर्धा तास लाईट जात असेल. त्या अर्ध्या तासात बॅटरीतला जेमतेम दहावा भाग वापरला जातो आणि लगेच भरूनही निघतो. तुमच्याकडे काय होतं त्याचा हिशेब करू.

तीन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, पाच एलईडी दिवे ९ वॅटचे आणि वायफायचा डबा १० वॅटचा, असे साधारण २८० वॅट झाले. अडीच तास चालवले तर ७०० वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो. ती धरली की बॅटरीतून सुमारे ८७५ जातात. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, म्हणजे रोज संध्याकाळी जवळजवळ निम्मी बॅटरी रिकामी होते. १५० हा आकडा वीस तास सावकाश वापरलं तरचा आहे. तुम्ही ओढता तसा जोरात वापर झाला की हाती त्याहून कमी लागतं, तेव्हा निम्मी हा माझा उदार अंदाज समजा.

आता या तिघींच्या पोटात काय असतं ते पाहा, कारण पैशाचा फरक तिथूनच येतो. फ्लॅट प्लेटमध्ये शिशाच्या जाळीवर रसायनाचा लेप थापलेला असतो. बॅटरी खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरली की हा लेप फुगतो आणि आकसतो. रोज असं झालं की तो भुगा होऊन गळतो, तळाशी साचतो, आणि गळालेला लेप पुन्हा कामाला येत नाही. ट्यूब्युलरमध्ये धन बाजूच्या प्लेटमध्ये शिशाच्या काड्या असतात, प्रत्येक काडीभोवती पॉलिस्टरची नळी आणि त्या नळीत तोच लेप दाबून भरलेला. गादीचा कापूस गवसणीत असावा तसा. फुगला तरी बाहेर जायला जागा नाही. एसएमएफमध्ये प्लेटा सपाटच, पण ॲसिड काचेच्या धाग्यांच्या पॅडमध्ये शोषलेलं आणि वरून सगळं बंद. आतलं पाणी कमी झालं तर भरायला झाकणच नाही.

म्हणून प्रत्येक बॅटरी किती वेळा रिकामी होऊन भरता येते, हा आकडा वेगळा असतो. माहितीपत्रकांतले आकडे प्रयोगशाळेतल्या थंड हवेतले असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी मी ते कमी करून घेतो. रोज निम्मी रिकामी होते असं धरून फ्लॅट प्लेटच्या ५०० फेऱ्या, एसएमएफच्या ६०० आणि उंच ट्यूब्युलरच्या १,५००. वर्षात २५० संध्याकाळी लाईट जाते म्हणू. फ्लॅट प्लेट दोन वर्षांत संपते, एसएमएफ सव्वादोन-अडीच वर्षांत. ट्यूब्युलरची सहा वर्षं येतात, पण नुसत्या वयानेही शिसं गंजतं, म्हणून मी पाचच धरतो.

जुनी बॅटरी परत दिली की शिशाचे पैसे मिळतात, तेही मोजा. फ्लॅट प्लेटचे २,०००, एसएमएफचे २,५०० आणि वजनदार ट्यूब्युलरचे ३,५०० धरले, तर वर्षाचा खर्च असा पडतो : फ्लॅट प्लेट ४,२५०, एसएमएफ जवळपास ६,९००, ट्यूब्युलर २,४००. डिस्टिल्ड वॉटर फ्लॅट आणि ट्यूब्युलर दोघींनाही लागतं, वर्षाला शे-दोनशेचं. त्याने या तुलनेत फरक पडत नाही.

तुम्ही विचाराल, माझा पाच वर्षांचा अंदाज चुकला तर? म्हणून उलटा हिशेबही करून पाहिला. ट्यूब्युलर किती दिवस टिकली की फ्लॅट प्लेटच्या बरोबरीला येते? १५,५०० मधून ३,५०० वजा जाता १२,००० राहतात. त्याला ४,२५० ने भागलं की २.८ वर्षं, म्हणजे ३४ महिने. आता वॉरंटी बघा. उंच ट्यूब्युलरवर बरेचदा ३६ महिने फुकट बदली आणि पुढे १८ महिने प्रो-राटा, म्हणजे सवलतीत बदली असते. तुमच्या बॅटरीच्या कार्डावर ३६ फुकट छापलेले असतील, तर बरोबरी होते तो दिवस वॉरंटीच्या आतच येतो. त्याआधी बसली तर नुकसान कंपनीचं.

दुकानदार फ्लॅट प्लेटलाही ‘३६ महिन्यांची वॉरंटी’ आहे म्हणेल. तोडून विचारा. बहुधा ती १८ अधिक १८ निघते. पहिले १८ महिने फुकट बदलून, पुढचे १८ सवलतीत. आणि ती सवलत छापील किमतीवर असते. समजा छापील किंमत १४,००० आहे आणि चोविसाव्या महिन्यात ३० टक्के सूट मिळाली. तुम्हाला ९,८०० भरावे लागतील, वर जुनी बॅटरी कंपनीकडे जमा. त्याच दिवशी तुम्ही बाजारात जुनी देऊन नवी घेतली असती, तर ती ८,५०० ला पडली असती. प्रो-राटाचे महिने मी हिशेबात शून्य धरतो. बदलून मिळालेल्या बॅटरीलाही नवी वॉरंटी मिळत नाही, जुनीचीच उरलेली चालते.

एसएमएफचा मोह मलाही झाला होता. माझ्या ऑफिसात पाणी घालायची कटकट नको म्हणून मी ती घेतली आणि दिसायला नको म्हणून लाकडी कपाटात बसवली. दुसऱ्या एप्रिलमध्ये कपाटाचं दार लागेना. आत बघतो तर बॅटरीच्या दोन्ही बाजू पोट फुगल्यासारख्या बाहेर आलेल्या. बंद जागेत उष्णता साठली, चार्जिंग चालूच, आतलं पाणी वाफ होऊन व्हॉल्व्हमधून गेलं आणि ते परत घालता येत नव्हतं. साधारण २५ अंशांवर प्रत्येक दहा अंश तापमान वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. तासगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होईल ते मी सांगायला नको. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बॅटरी ठेवायला झोपायची खोली सोडून जागा नाही, लाईट क्वचित जाते, अशा घरी एसएमएफ योग्य. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

आता तुमच्या नऊ वर्षांच्या इन्व्हर्टरकडे या, कारण पाच हजार वाया जाण्याचा खरा धोका तिथे आहे. मागच्या बाजूला बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण आहे का ते पाहा. ट्यूब्युलरला चार्जिंगचा व्होल्टेज जास्त लागतो, साधारण १४.४ च्या आसपास. बटण दुसरीकडे राहिलं तर ती कधीच पूर्ण भरत नाही. दुसरं, इन्व्हर्टर किती अँपिअरने चार्ज करतो? १५० एएचला १५ अँपिअर हवेत. रोजची निम्मी भरपाई, म्हणजे तोट्यासकट ८५ एएच, त्याने सहा तासांत जवळपास होते आणि शेवटचा सावकाश टप्पा धरून आठ तासांत पूर्ण. जुन्या इन्व्हर्टरचं चार्जिंग आठ-दहा अँपिअरचं असेल तर दहा-बारा तास लागतील, आणि मधे पहाटे पुन्हा लाईट गेली की बॅटरी अर्धपोटीच राहणार. अशी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिलेली बॅटरी आतून कडक होते. प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, तो मग सहजी उतरत नाही, आणि ट्यूब्युलरही दोन वर्षांत हात टेकते. दुकानदाराच्या माणसाला क्लॅम्प मीटर लावून चार्जिंगचा आकडा दाखवायला सांगा. दहाच्या खाली असेल तर मला पुन्हा लिहा, मग बॅटरीआधी इन्व्हर्टरचा विचार करू.

पैशांचं म्हणाल तर साडेचार हजार कमी पडतात. बिनव्याजी हप्त्यात बहुतेकदा प्रोसेसिंग फी असते आणि रोखीने मिळणारी सूट जाते. आधी रोखीचा भाव विचारा, मग हप्त्याचा, दोन्ही कागदावर लिहून घ्या. अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेले पैसे असतील तर त्यातून साडेचार हजार उचला आणि महिन्याला ७५० परत टाका, सहा महिन्यांत भरून येतील. तेवढं जमत नसेल, तर फ्लॅट प्लेट आणण्यापेक्षा दोन महिने थांबलेलं मला चालेल. फ्लॅट प्लेट घेतलीत तर दोन वर्षांनी हाच प्रश्न घेऊन पुन्हा दुकानात उभ्या राहाल.

बॅटरी घरी आली की हवा खेळती असेल तिथे ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आपल्याकडे देवघराच्या खालच्या कोनाड्यात इन्व्हर्टर ठेवायची भलतीच सवय आहे, वर समई जळत असते. तिथे नको. पाणी दर दोन-तीन महिन्यांनी, फ्लोट खाली गेलेला दिसला की, डिस्टिल्डच. बोअरचं नाही आणि आरओचंही नाही, त्यात क्षार उरतात. ॲसिड कधीच घालू नका, कमी होतं ते पाणी.

विकत घेताना बॅटरीवर तयार झाल्याचा महिना कुठे कोरलाय तो दुकानदाराला दाखवायला लावा. सहा-आठ महिने दुकानात पडलेली नको. मग हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, त्याच्याकडून बघून घ्या. पूर्ण भरलेल्या उंच ट्यूब्युलरची १.२४० च्या आसपास येते. ११८० म्हणाला तर घाबरू नका, दुकानात तो पॉइंट काढून बोलतात, पण १.१८० ही निम्म्याच्या जवळची स्थिती आहे, तेव्हा चार्ज करून पुन्हा दाखवायला सांगा. आणि सहापैकी एक सेल बाकीच्यांपेक्षा ३० पॉइंटने खाली असेल, तर वॉरंटी कार्डावर शिक्का पडायच्या आत दुसरी बॅटरी मागा.