साहेबांनी विचारलं, "कुठंय तुझा पाऊस?"

प्रश्न: रात्रीच्या शिफ्टला मोठ्या राफ्टचं, म्हणजे इमारतीखालच्या सलग जाड पायाचं, काँक्रीटिंग अर्ध्यावर असताना आभाळ भरून आलं तर काम थांबवावं का? सुपरवायझरने हा निर्णय एकट्याने घ्यावा का?

मी थांबवलं होतं. पाऊस पडलाच नाही. त्यानंतर त्या साइटवर माझं नाव 'वेधशाळा' पडलं, ते आजतागायत आहे. तेव्हा हे उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या पुढची साइट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, वळवाचे दिवस. राफ्ट ३० मीटर लांब, १८ मीटर रुंद, जाडी १.२ मीटर, म्हणजे साधारण ६५० घनमीटर माल. दोन बूम पंप मिळून तासाला ४५ घनमीटर ओतत होते. रात्री ८ ला सुरू केलं, सकाळी दहा-साडेदहाला संपायला हवं होतं. रात्रीच का, तर दिवसा शहरातून गाड्या वेळेवर येत नाहीत आणि एवढ्या जाड काँक्रीटला मेचं ऊन सोसत नाही.

एक वाजता ३६वी गाडी रिकामी होत होती. काँक्रीट १० मीटरपर्यंत आलं होतं. पूर्वेकडे वीज लवलवत होती, आवाज मात्र येत नव्हता. मग वारा पडला. इतका, की पंपाच्या धुराड्यातला धूर सरळ वर जायला लागला. पाचेक मिनिटांनी गार झुळूक आली आणि तिला ओल्या मातीचा वास होता. पंप ऑपरेटर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "साब, बिजली पास आयी तो मैं बूम समेट लूँगा." बरोबरच होतं त्याचं. ३६ मीटरची लोखंडी दांडी आभाळात उभी करून विजांखाली कोण उभं राहील?

इथंच बहुतेक जण चुकीचा प्रश्न विचारतात. 'पाऊस येईल का?' हे तुम्हालाही कळत नाही, मलाही कळत नाही आणि मोबाइलवरच्या रडारलाही आपल्या खड्ड्यापुरतं कळत नाही. विचारायचं ते हे, की आला तर मी कुठं अडकलेला असेन?

त्या राफ्टच्या ड्रॉइंगवर डिझायनरने जॉइंटला, म्हणजे काम थांबवून नंतर पुढचं जोडायला, दोनच जागा दिल्या होत्या. एक ११.२५ मीटरवर, दुसरी १८.७५ वर. दोन्ही कॉलमच्या ओळींच्या बरोबर मध्ये, जिथं शिअर कमी असतो. पहिल्या जागेपर्यंत सव्वा मीटर उरला होता, म्हणजे २७ घनमीटर, पाऊण तासाच्या आतलं काम. ती जागा ओलांडली की पुढची थेट पहाटे सव्वापाचला. म्हणजे पाऊण तासात थांबायचं, नाहीतर साडेतीन तासांचा जुगार खेळायचा. मधोमध पाऊस आला असता तर काँक्रीट कॉलमखालीच उतरत्या तोंडाने उघडं पडलं असतं. त्या उताराच्या पायथ्याशी पाणी साचतं, पोरं घाईत त्यातच व्हायब्रेटरची नीडल घालतात, आणि सिमेंटचं दूध वर येऊन नुसती खडी-वाळू खाली राहते. त्यावर सकाळी नवा माल ओतला की झाला कोल्ड जॉइंट, म्हणजे जुना-नवा माल एकजीव न झालेला सांधा, तोही सगळ्यात वाईट जागी.

वरून पडणाऱ्या पाण्याची मला तरी कमीच भीती होती. खरी भीती रॅम्पवरून येणाऱ्या गढूळ पाण्याची. खड्डा सहा मीटर खोल. न ओतलेल्या भागावर २० मिलिमीटर पडला तरी पावणेसात हजार लिटर पाणी, वर कडेच्या मातीचा गाळ. तो गाळ खालच्या सळ्यांच्या खाली, ५० मिलिमीटरच्या कव्हरमध्ये जाऊन बसतो. वर सळ्यांच्या दोन जाळ्या असताना तो धुऊन काढून दाखवा मला कुणीतरी.

साहेबांना फोन लावला. झोपेतून म्हणाले, "तू साइटवर आहेस, तूच बघ. पण थांबवू नकोस." हे वाक्य मी त्या रात्री डायरीत वेळेसकट लिहून ठेवलं. तुम्हीही असली वाक्यं लिहून ठेवत जा.

प्लँटला फोन करून गाड्या भरणं थांबवलं. साइटवर तीन गाड्या उभ्या होत्या, वाटेत चार. सहा घनमीटरच्या सात म्हणजे ४२ घनमीटर, आणि मला हवे होते २७. हा हिशेब आधी करावा लागतो, कारण 'थांब' म्हटल्यावरही माल येतच राहतो. दोन गाड्या परत पाठवल्या, अर्धी गाडी लेबर कॅम्पच्या रस्त्यात ओतली. जॉइंटवर हायरिबची जाळी वरची सळई बांधण्याआधीच लावून घेतली होती (हट्टाने, दुपारी शिव्या खाऊन), त्यामुळे फक्त वर खाचांच्या पट्ट्या बसवायच्या उरल्या. १ वाजून ४० मिनिटांनी तोंड सरळ उभं बंद झालं. त्यावर ताडपत्री टाकली, रॅम्पच्या तोंडाशी वाळूच्या गोण्यांचा बांध घातला, पाण्याचा पंप चालू करून बघितला.

आणि मग आम्ही वाट बघत बसलो. ताडपत्रीवर मोजून पाच-सहा थेंब पडले. पलीकडच्या गावात झोडपलं म्हणे. चार वाजता चांदणं पडलं होतं.

सकाळी साहेब आले, ताडपत्रीखाली हात घातला, कोरडा हात मला दाखवला आणि सगळ्यांसमोर ते वरचं वाक्य म्हणाले. परत गेलेल्या गाड्या, दोन पंपांचं दुसऱ्यांदा भाडं, दोन दिवसांचा उशीर, सगळं माझ्या नावावर. पहाटे पाऊस आला असता तर तेच साहेब म्हणाले असते, "आभाळ दिसत नव्हतं का तुला?" मी आजही म्हणतो, निर्णय एक वाजता बरोबर होता. सहा वाजताच्या आभाळावरून तो मोजायचा नसतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर हो, घ्यावा लागतो. रात्री एकला दुसरं कुणी नसतंच. पण जॉइंटची जागा आपल्या मनाने ठरवू नका, ती डिझायनरकडून काम सुरू व्हायच्या आधीच कागदावर घ्या. ड्रॉइंगवर नसेल तर मी काम सुरूच करणार नाही. तेवढी ताकद साइटवर असते का, तो वेगळा विषय.

हे सगळं जाड राफ्टचं झालं. सहा इंची स्लॅब असेल किंवा नुसती भुरभुर असेल, तर ताडपत्री धरून पुढं जा, थांबण्याने जास्त वाटोळं होतं. पायलिंगमध्ये तर थांबायचं नावच काढू नका. आणि जॉइंट केला म्हणून सुटलो असंही नाही. मी सकाळी पाण्याच्या प्रेशरने ते तोंड खडी दिसेपर्यंत धुऊन घेतलं, तिसऱ्या दिवशी पुढचं ओतायच्या आधी फुगणारी वॉटरबारची पट्टी लावली. साहेबांचा एक मुद्दा खरा होता, की बेसमेंटच्या राफ्टमध्ये प्रत्येक जॉइंट ही पाणी झिरपायची जागा असते.

दर पावसाळ्यात ते मला त्या बेसमेंटमधल्या ओलीचा फोटो पाठवतात, खाली लिहितात 'वेधशाळा'. गेल्या वर्षी मी टेप घेऊन गेलो. ओल जॉइंटपासून चार मीटर लांब, ड्रेनेज पाइपाच्या स्लीव्हपाशी आहे. ती स्लीव्ह दिवसपाळीने बसवली होती.