अल्ब्युमिन माणसाचं की गाईचं? एका पेप्टाइडवरून निकाल कसा लागतो

प्रश्न: "HepG2 पेशी १० टक्के एफबीएसमध्ये, म्हणजे गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये, वाढवल्या, वरचं माध्यम घेऊन ट्रिप्सिनने पचवलं आणि मास स्पेकला दिलं. रिझल्टमध्ये ह्यूमन सीरम अल्ब्युमिन सगळ्यात वर आहे, चुकीच्या ओळखींचं प्रमाण म्हणजे एफडीआर १ टक्का. गाईड म्हणतात, हे एफबीएसमधलं गाईचंच असणार. यंत्राने तर फक्त तुकड्यांची वस्तुमानं मोजली. मग कोणाचं अल्ब्युमिन ते कळणार कसं?"

तुमच्या गाईडची शंका अगदी रास्त आहे, आणि तिचं उत्तर बहुधा तुमच्या रॉ फाइलमध्येच पडून आहे. HepG2 या यकृताच्या कर्करोगाच्या पेशी, त्या स्वतः अल्ब्युमिन बनवून बाहेर सोडतात, त्यामुळे मानवी अल्ब्युमिन असणं अपेक्षितच आहे. पण १० टक्के एफबीएस म्हणजे माध्यमाच्या प्रत्येक मिलिलिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम गाईचं अल्ब्युमिन. पेशींनी सोडलेलं त्यापुढे फारच थोडं. दोन्ही एकाच नळीत असणार असं धरूनच चालायला हवं.

आधी एक गोष्ट तपासा: सर्च प्रथिनांच्या क्रमांच्या कुठल्या फास्टा फाइलवर केला होता? फक्त मानवी प्रथिनांची फाइल दिली असेल, तर सॉफ्टवेअरपुढे गाईच्या अल्ब्युमिनचा पर्यायच नव्हता. या दोन प्रथिनांचा क्रम सुमारे तीन चतुर्थांश सारखा आहे. ट्रिप्सिनने कापल्यावर काही पेप्टाइडं दोघांकडून तंतोतंत एकसारखी निघतात. YLYEIAR हे त्यांतलं एक; यातलं एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल. ते गाईकडून आलं असलं तरी मानवी फाइलमध्ये ते अल्ब्युमिनखालीच लागणार, आणि स्कोअरही उत्तम मिळणार, कारण पेप्टाइड म्हणून ते बरोबरच आहे. चूक होते ती पेप्टाइडवरून प्रथिनाकडे जाताना.

१ टक्का एफडीआर इथे कामाला येत नाही, आणि हे नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. एफडीआर काढताना आपण उलट्या किंवा विस्कटलेल्या क्रमांची डिकॉय प्रथिनं फाइलमध्ये घालतो आणि किती स्पेक्ट्रम त्यांना जाऊन चिकटतात ते मोजतो. योगायोगाने जुळलेल्या पेप्टाइडांचा अंदाज त्यातून छान मिळतो. पण गाईचं पेप्टाइड मानवी प्रथिनाला जुळतं ते योगायोगाने नव्हे, नात्यामुळे. विस्कटलेल्या क्रमाला असं नातं नसतं, म्हणून ही चूक डिकॉयच्या हिशेबात कधी येतच नाही.

म्हणून पाहायचं ते जिथे दोन्ही प्रथिनं वेगळी आहेत तिथे. सगळ्यात सोयीची जोडी ही: गाईमध्ये LVNELTEFAK, माणसामध्ये LVNEVTEFAK. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीननंतर कापतं (पुढे प्रोलीन असेल तर सहसा कापत नाही). दोन्ही प्रथिनांत या पट्ट्याच्या अलीकडे लायसीन आहे आणि शेवटीही लायसीनच, त्यामुळे दोन्हींकडून दहा अमिनो आम्लांचं एकेक पेप्टाइड सुटतं. फरक फक्त पाचव्या जागी: गाईकडे ल्यूसीन, माणसाकडे व्हॅलीन. म्हणजे एका CH₂ चा, १४.०१६ डाल्टनचा फरक. यंत्र मोजतं ते m/z, म्हणजे वस्तुमान भागिले प्रभार; दोन प्रोटॉन घेतलेल्या रूपात गाईचं पेप्टाइड m/z ५८२.३१९ वर येतं आणि माणसाचं ५७५.३११ वर.

यंत्र आधी हे ५८२.३१९ वेगळं काढतं आणि मग वायूच्या रेणूंवर आदळून फोडतं. फुटतो तो मुख्यतः अमाइड बंध, आणि प्रत्येक रेणूत साधारण एकच. एक रेणू इथे फुटतो, दुसरा पुढच्या बंधाशी, त्यामुळे सगळ्या लांबीचे तुकडे एकाच स्पेक्ट्रममध्ये दिसतात. सुरुवातीचं टोक धरून राहिलेले ते b आयन, शेवटचं टोक धरून राहिलेले ते y. ट्रिप्सिनमुळे शेवटाला लायसीन किंवा आर्जिनीन असतंच आणि ते प्रोटॉन घट्ट धरतं, म्हणून y ची मालिका सहसा ठळक आणि सलग मिळते. दोन शेजारच्या y मधला फरक म्हणजे एका अमिनो आम्लाचं वस्तुमान. दोन्ही पेप्टाइडांची y मालिका शेजारी शेजारी अशी येते:

```
       LVNELTEFAK   LVNEVTEFAK
y1       147.113      147.113
y2       218.150      218.150
y3       365.218      365.218
y4       494.261      494.261
y5       595.309      595.309
y6       708.393      694.377
y7       837.435      823.420
y8       951.478      937.463
```

y1 ते y5 सारखेच, कारण शेवटचे पाच घटक दोघांचे एकच. फरक उमटतो y6 पासून. गाईच्या रकान्यात ७०८.३९३ वजा ५९५.३०९ करा, ११३.०८४ येतात: ल्यूसीन. माणसाच्या रकान्यात ९९.०६८ येतात: व्हॅलीन. यंत्राला क्रम "कळतो" तो एवढाच. (११३.०८४ हे आयसोल्यूसीनचंही वस्तुमान आहे. या दोघांत निवड स्पेक्ट्रम करत नाही, डेटाबेस करतो.) पडताळ्याला आणखी एक बेरीज करून पाहा: b4 आहे ४५६.२४५, y6 आहे ७०८.३९३, दोन्ही मिळून ११६४.६३८, म्हणजे ५८२.३१९ ची बरोबर दुप्पट. एकाच रेणूचे दोन अर्धे हातात आहेत याची ती खूण.

आता यातला खरा सापळा. समजा फाइल फक्त मानवी आहे आणि सर्चमध्ये मेथिलेशन हा बदल चालू ठेवला आहे. मेथिल गटही १४.०१६ डाल्टनच वाढवतो. मग सॉफ्टवेअर ५८२.३१९ बघून म्हणेल की हे मानवी LVNEVTEFAK आहे, ग्लुटामेटवर मेथिल बसलेलं. अणूंची संख्या दोन्हीकडे तंतोतंत सारखी, त्यामुळे यंत्र कितीही अचूक असलं तरी अख्ख्या पेप्टाइडचं वस्तुमान इथे न्याय करू शकत नाही. आम्लात मिथेनॉल वापरलं की ग्लुटामेटवर असं मेथिल खरोखर बसतंही, त्यामुळे रिझल्ट पाहणाऱ्याला शंकाही येत नाही.

निवाडा करतात ते तुकडे. मेथिल चौथ्या जागच्या ग्लुटामेटवर असेल तर y6 मध्ये ते नसणार, म्हणून y6 दिसेल ६९४.३७७ वर, आणि y7 मात्र उडी मारून ८३७.४३५ वर जाईल. मेथिल सातव्या जागच्या ग्लुटामेटवर असेल तर y4 च आधी सरकेल, ४९४.२६१ ऐवजी ५०८.२७७. गाईचं असेल तर y4 आणि y5 जागेवर आणि y6 ७०८.३९३ वर. म्हणजे तुमच्या स्पेक्ट्रममध्ये ५९५.३१ आणि ७०८.३९ ही दोन शिखरं ठळक असतील आणि ६९४.३८ ला काही नसेल, तर ५८२.३२ वरचं ते पेप्टाइड गाईचं आहे, रिझल्टच्या तक्त्यात काहीही लिहिलेलं असो. मेथिलचा हा निवाडा करताना y7 आणि y8 वर विसंबू नका. गाईच्या आणि चौथ्या जागी मेथिल असलेल्या मानवी पेप्टाइडात ते दोन्ही सारखेच येतात.

स्पेक्ट्रम उघडाल तेव्हा दोन गोष्टी लक्षात असू द्या. आयन ट्रॅपमध्ये फोडलं असेल तर मूळ m/z च्या साधारण एक तृतीयांशाखालचे तुकडे ट्रॅपमध्ये टिकतच नाहीत, म्हणजे इथे १९० च्या आसपास रेघ आहे. १४७.११ दिसलं नाही म्हणून घाबरू नका. एचसीडी या दुसऱ्या पद्धतीने फोडलं असेल तर मात्र ते दिसायला हवं. दुसरं, रन डीआयए पद्धतीचा, म्हणजे m/z च्या एका खिडकीतलं सगळं एकत्र फोडणारा, असेल आणि ती खिडकी २० ते २५ m/z रुंद असेल, तर ५७५.३१ आणि ५८२.३२ एकाच खिडकीत येऊन एकत्र फुटू शकतात. ल्यूसीन जास्त जलविरोधी असल्यामुळे गाईचं पेप्टाइड सी१८ कॉलमवरून थोडं उशिरा उतरतं, पण दोघांच्या वेळा पूर्ण सुट्या होतीलच असं नाही. तशा डेटात y1 ते y5 आणि b2 ते b4 यांचा पुराव्यासाठी काहीच उपयोग नाही, ते दोघांचेही आहेत. मोजायचं ते y6 आणि त्यापुढचेच.

तुम्ही आत्ता करायचं ते सोपं आहे. फास्टा फाइलमध्ये मानवी अल्ब्युमिन (P02768) आहेच, गाईचं (P02769) घाला. खरं तर गाईची सगळीच प्रथिनं घाला, कारण ट्रान्सफेरिन आणि इतरांचीही हीच गोष्ट आहे. MaxQuant वापरत असाल तर त्याच्या कंटॅमिनंट यादीत ते CON__P02769 या नावाने आधीच आहे, फक्त ती यादी बंद केलेली नाही ना एवढं बघा. पुन्हा सर्च करा आणि "युनिक" पेप्टाइडांचा रकाना उघडा. गाईकडून LVNELTEFAK आणि AEFVEVTK दिसायला हवीत, माणसाकडून LVNEVTEFAK आणि AEFAEVSK. मानवी बाजूची दोन-तीन युनिक पेप्टाइडं स्वच्छ मालिकेसह मिळाली तर तुमच्या पेशींनी अल्ब्युमिन सोडलं आहे, असं गाईडना स्पेक्ट्रम दाखवून सांगता येईल. सापडलीच नाहीत तरी मानवी अल्ब्युमिन नव्हतंच असं मात्र म्हणता येणार नाही. गाईच्या एवढ्या साठ्यात थोडंसं मानवी पेप्टाइड यंत्राने फोडायला निवडलंच नसेल, हेही शक्य आहे. अशा वेळी ५७५.३११ हे लक्ष्य धरून पीआरएम रन मागा, म्हणजे यंत्र ठरवलेलं तेच m/z निवडून फोडत राहतं.

प्रमाण सांगताना प्रथिनाच्या एकूण तीव्रतेचा आकडा वापरू नका. त्यात YLYEIAR सारखी सामाईक पेप्टाइडं मिसळलेली असतात आणि ती बहुतांश गाईची असतात. फक्त युनिक पेप्टाइडांची तीव्रता घ्या.

पुढच्या वेळी पेशी धुऊन एक दिवस सीरमविरहित माध्यमात ठेवा आणि तेच गोळा करा. पेशी न घातलेलं माध्यमही त्याच पद्धतीने पचवून सोबत चालवा. धुऊनही गाईचं अल्ब्युमिन पूर्ण जात नाही, ते पेशींना आणि प्लास्टिकला चिकटून राहतं. सायलॅक, म्हणजे पेशींना जड अमिनो आम्लांवर वाढवण्याची पद्धत, परवडत असेल तर प्रश्नच मिटतो. डायलाइझ्ड सीरम वापरून पेशींना जड लायसीन (८.०१४ डाल्टन जास्त) आणि जड आर्जिनीन द्या. पेशींनी नव्याने बनवलेलं LVNEVTEFAK मग ५७९.३१८ वर दिसेल आणि त्याचा y1 १४७.११ ऐवजी १५५.१३ वर. YLYEIAR सारखी सामाईक पेप्टाइडंसुद्धा तेव्हा वेगळी ओळखता येतात, कारण गाईकडून आलेलं काहीच जड नसतं.