जुनी भिंत वाचताना आधी विटेचं तोंड बघ

भावा, साताऱ्यात जुनी भिंत बघताना सुरुवात विटेच्या आखूड तोंडापासून कर. एक थर नुसत्या लांब बाजूंचा, पुढचा नुसत्या तोंडांचा, तर इंग्लिश बाँड. एकाच थरात दोन्ही आलटून-पालटून, तर फ्लेमिश. तोंड दिसतं म्हणजे वीट भिंतीत आडवी शिरलीय, भिंत निदान ९ इंची. नुसत्या लांब बाजू असतील तर बहुधा साडेचार इंची पडदी. तिच्यावर स्लॅबचा भार धरू नकोस.

नवखे इथंच फसतात: अर्ध्या विटा लावूनही तोंडं दाखवता येतात. म्हणून दाराच्या चौकटीपाशी टेप लाव. १० इंच भरले, दोन्हीकडचा गिलावा मिळून १ इंच निघाला, तर ९ इंची खरी.

काळ मात्र नुसत्या बाँडवरून सांगू नकोस. इंग्लंडात फ्लेमिश १८व्या शतकात जोरात होता, इकडे तो हिशेब चालत नाही. इथं विटेची जाडी बघ. जुन्या वाड्यांची वीट पातळ, चपटी असते.